सोयाबीनचे बारा दिवस आणि ०.०३ चा आकडा

प्रश्न : देपालपूर तहसिलीत आमची ११ बिघे जमीन आहे, मी राहतो इंदूरला. शेतकरी गटातून ४ जुलै २०२३ ला सेंद्रिय प्रमाणनासाठी नोंदणी झाली. २२ जून २०२५ ला सोयाबीन पेरलं, ऑक्टोबरात काढलं, म्हणजे दोन वर्षं पूर्ण. माल नोव्हेंबरपासून व्यापाऱ्याच्या गोदामात, बियाण्याची तीन पोती घरी. आता सोयाबीनच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ०.०३ आलं. व्यापारी म्हणतो, ‘तुमचं कन्व्हर्जन परत शून्यापासून.’ आम्ही थेंबभर औषध मारलेलं नाही. हे खरं आहे का? २८ ऑक्टोबरला पेरलेला हरभरा आता घरात येतोय, त्याचं काय?

उत्तर :

व्यापाऱ्याचं म्हणणं चूक आहे. पण तुमच्या हिशोबातही एक चूक आहे, आणि ती त्या ०.०३ पेक्षा आधी बघायला हवी. मी सतरा वर्षं गटांची अंतर्गत तपासणी करतोय. हे दोन प्रश्न माझ्याकडे कायम एकत्र गुंतून येतात. रूपांतरणाचा, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे जाण्याचा काळ (ज्याला व्यापारी कन्व्हर्जन म्हणतो) जमिनीचा असतो, अवशेषाचा आकडा त्या पोत्यातल्या मालाचा असतो. जमीन पूर्ण सेंद्रिय झाली तरी माल नापास होऊ शकतो. उलट माल अगदी स्वच्छ निघाला म्हणून जमिनीचा एक दिवसही कमी होत नाही.

आधी जमिनीचं. एनपीओपीचा, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा नियम असा की हंगामी पिकाला पेरणीच्या आधी दोन वर्षं पूर्ण व्हायला हवीत. तुम्ही ती काढणीपर्यंत मोजलीत. ४ जुलै २०२३ पासून दोन वर्षं भरतात ४ जुलै २०२५ ला. तुमचं सोयाबीन जमिनीत पडलं २२ जूनला. बारा दिवस कमी. त्या बारा दिवसांमुळे ते सोयाबीन काढणीपर्यंत आणि नंतर पोत्यातही ‘रूपांतरणाधीन’च राहतं. मध्ये ४ जुलै उलटला म्हणून उभ्या पिकाचा दर्जा बदलत नाही. काढणीची तारीख धरतात ती पेरूच्या, आंब्याच्या बागेसारख्या बहुवर्षायू पिकांना, आणि तिथे दोन नाही, तीन वर्षं लागतात. बहुतेक गोंधळ या दोन नियमांची सरमिसळ झाल्यानेच होतो. गटाच्या बैठकीत कुणी तरी बागेचा नियम सांगतो आणि तो सोयाबीनवाल्याच्या डोक्यात बसतो.

तुम्ही म्हणाल, रासायनिक तर आम्ही त्याच्या आधीच बंद केलं होतं. केलं असेल, पण घड्याळ तुमच्या मनापासून सुरू होत नाही, प्रमाणन संस्थेच्या कागदावरच्या तारखेपासून होतं. आधीचा काळ जमेस धरून मुदत कमी करण्याची सोय काही अटींवर आहे. जमीन पडीक होती किंवा आधीच अशा पद्धतीने कसली जात होती, हे संस्थेला पटलं पाहिजे. त्यासाठी पटवाऱ्याकडचा खसरा लागतो, पीकनोंद लागते, खतं-औषधं घेतली नसल्याचं दाखवणारं काही तरी लागतं. अर्ज करताना हे मागितलं नसेल तर आता तीन वर्षांनी मागून फारसा उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. विचारून बघा, आशा ठेवू नका. नवीन नोंदणी करणाऱ्यांना मी म्हणून एकच सांगतो, मृगाच्या आधी नाव घाला. जुलैत नोंदणी केली की दोन वर्षांनी एक अख्खं सोयाबीन जातं.

तुमच्या स्कोप सर्टिफिकेटवर काय आहे ते आजच बघा. वरचा ‘ऑरगॅनिक’ हा शब्द वाचून लोक कागद घडी करून ठेवतात. खाली प्रत्येक प्लॉट, प्रत्येक पीक आणि त्याच्या पुढचा दर्जा वेगळा लिहिलेला असतो. सोयाबीनपुढे रूपांतरणाचं वर्ष लिहिलं असेल तर व्यापाऱ्याने तो माल पूर्ण सेंद्रिय म्हणून उचलायलाच नको होता. त्या मालाचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, ज्याला आपण टीसी म्हणतो, तेही त्याच दर्जाचं निघतं. बारा महिने पूर्ण झालेला माल ‘रूपांतरणाधीन’ म्हणून विकता येतो, सेंद्रिय म्हणून नाही.

हरभऱ्याची गोष्ट वेगळी. २८ ऑक्टोबर २०२५ म्हणजे मुदत संपून जवळजवळ चार महिने झाले. तो तुमचा पहिला खरा सेंद्रिय माल. म्हणूनच ०.०३ कुठून आलं ते शोधणं सोयाबीनपेक्षा हरभऱ्यासाठी जास्त गरजेचं आहे.

आता आकड्याकडे येऊ. रिपोर्टवर एकक बघा, मिलिग्रॅम प्रति किलो असेल. ०.०३ म्हणजे एका टनात ३० मिलिग्रॅम, चिमूटभरही नाही. तरी देशातल्या विक्रीसाठीही तो बहुधा चालणार नाही, आणि का ते समजून घ्या. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांप्रमाणे सेंद्रिय मालात कीटकनाशकाची मर्यादा साध्या मालाच्या मर्यादेच्या ५ टक्के, किंवा प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येणारी सर्वात कमी पातळी, या दोन्हींत जी जास्त ती. त्या पातळीला रिपोर्टवर ‘एलओक्यू’ लिहितात आणि ती सहसा ०.०१ असते. समजा एखाद्या औषधाची साधी मर्यादा १ आहे, तर सेंद्रियासाठी ०.०५ झाली. साधी मर्यादा ०.०५ असेल तर ५ टक्के म्हणजे ०.००२५, एवढं यंत्र खात्रीने मोजत नाही, म्हणून ०.०१ धरायचं. या हिशोबाने ०.०३ पास व्हायला साधी मर्यादा निदान ०.६ असायला हवी. सोयाबीनमध्ये क्लोरपायरीफॉसला एवढी उदार मर्यादा मिळेल असं धरून चालू नका.

व्यापारी माल युरोपला पाठवणार असेल तर आणखी कठीण. युरोपने क्लोरपायरीफॉसची मान्यता २०२० मध्येच काढून घेतली आणि मर्यादा ०.०१ वर आणली. म्हणजे हा माल तिथे साधा म्हणूनही जाणार नाही, सेंद्रियचा प्रश्न पुढचा. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. युरोपच्या सेंद्रिय कायद्यात, म्हणजे २०१८/८४८ मध्ये, अवशेषाचा पास-नापास असा आकडाच नाही. मान्य नसलेलं औषध सापडलं की माल थांबवायचा आणि चौकशी करायची, असं तो कायदा सांगतो. शेतकऱ्याने वापरलं का, काळजी घ्यायला हवी होती ती घेतली का, यावर निकाल लागतो. ०.०१ हा आकडा तिकडच्या व्यापाऱ्यांनी आपसात ठरवलेला आहे आणि करारात तो लिहिलेला असतो. अमेरिकेचं तिसरंच. तिथे शेवटच्या प्रतिबंधित वापरापासून काढणीपर्यंत ३६ महिने मोजतात आणि अवशेष त्यांच्या मर्यादेच्या ५ टक्क्यांत लागतो. माल कुठे जाणार हे व्यापाऱ्याला लेखी विचारा, म्हणजे कोणता आकडा धरायचा ते कळेल.

रिपोर्टमध्ये आकडा ०.०१२ किंवा ०.०१४ असता तर मी वेगळं बोललो असतो. अशा तपासणीत साधारण ५० टक्के कमी-जास्त धरतात. ०.०१४ मधून निम्मं गेलं तर ०.००७, म्हणजे नापास असं ठासून म्हणता येत नाही. ०.०३ मधून निम्मं काढलं तरी ०.०१५ उरतं. वाद घालण्यात अर्थ नाही. माल त्या अवस्थेत दूषित आहे हे मान्य करून पुढे जाऊ.

मग ते आलं कुठून? इथे औषधाचा स्वभाव माहीत असावा लागतो. क्लोरपायरीफॉस झाडात भिनून वर चढणारं औषध नाही. ते जिथे पडतं तिथेच बहुतेक राहतं. सोयाबीनचा दाणा शेंगेत झाकलेला असतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या फवाऱ्याचे तुषार आले तर ते शेंगेच्या टरफलावर, पानावर बसतात, दाण्यावर फारसे नाही. जमिनीतही ते काही आठवडे ते काही महिन्यांत निम्मं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या वापराचं उरलेलं एवढं दाण्यात येणं मला पटत नाही. रिपोर्टमध्ये थायमेथोक्झाम किंवा इमिडाक्लोप्रिड असतं तर मी तुम्हाला बियाण्याबद्दल पहिला प्रश्न विचारला असता, कारण ती झाडातून फिरतात आणि बीजप्रक्रिया केलेलं बियाणं गुपचूप घरात येतं. एंडोसल्फान किंवा डीडीटी असतं तर मातीकडे बोट दाखवलं असतं. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०११ ची आहे, पण त्याआधी माळव्यात सोयाबीनवर ते भरपूर पडलं, आणि त्याचा अंश काळ्या मातीत रेंगाळतो. क्लोरपायरीफॉसचं तसं नाही. ते दिसलं की मी आधी काढणीनंतरचं सगळं बघतो : थ्रेशर, पोती, ट्रॉली, गोदाम.

गोदामावर माझा संशय का, ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी महूकडच्या एका गटाचा गहू भाड्याच्या गोदामात ठेवला होता. गोदामाचं नाव सांगत नाही. आत जाऊन मी बघितलं, पोती लाकडी पाट्यांवर होती, बारदान नवं होतं, सल्फासचा वास नव्हता, म्हणून सही केली. तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये नेमकं हेच औषध. शेतकऱ्यांशी आधी भांडलो, याचं आजही वाईट वाटतं. मग थप्पी उकलली. मागच्या भिंतीकडची शेवटची रांग पाट्यांवर नव्हती, जागा पुरली नाही म्हणून थेट फरशीवर लावली होती, आणि पोती भिंतीला टेकली होती. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे वीतभर अंतरावर बारीक भोकं पाडून सिमेंटने बुजवलेली दिसली. गोदामवाल्याने पावसाळ्याआधी उधईसाठी भिंतीच्या पायात क्लोरपायरीफॉस सोडलं होतं. त्याच्या लेखी ते इमारतीचं काम होतं, धान्याशी त्याचा संबंध आहे असं त्याला वाटलंच नाही. मी औषध फवारलं का असं विचारलं होतं, तो खरंच नाही म्हणाला. वरच्या थराचा नमुना स्वच्छ आला, भिंतीकडच्या खालच्या पोत्यांत औषध सापडलं.

तुमच्याकडे तर माझ्यापेक्षा चांगला साक्षीदार आहे : बियाण्याची ती तीन पोती. तेच शेत, तीच काढणी, तोच थ्रेशर, फक्त गोदाम नाही. ती उघडू नका, बियाण्याला काही चोळू नका, आणि ज्या खोलीत युरिया किंवा औषधाचे डबे ठेवले असतील तिथून हलवा. मग तीन नमुने काढा. पहिला घरच्या बियाण्याचा. दुसरा गोदामातल्या थप्पीच्या वरच्या, मधल्या पोत्यांचा. तिसरा भिंतीकडच्या सर्वात खालच्या रांगेचा. परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, प्रत्येक पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी घाला, घरची तिन्ही पोती आणि गोदामातल्या प्रत्येक जागेची सात-आठ पोती यांचं वेगवेगळं मिसळा आणि प्रत्येक नमुन्यातून एक-एक किलोच्या तीन पुड्या सील करा : एक प्रयोगशाळेला, एक तुमच्याकडे, एक व्यापाऱ्याकडे. परखी आधी पुसून घ्या. व्यापाऱ्याची परखी दिवसभर कुठल्या कुठल्या मालात जाते ते छावणी मंडीत उभं राहून बघा. सीलवर दोघांच्या सह्या आणि तारीख. प्रयोगशाळा एनएबीएल मान्यतेची असावी, आणि क्लोरपायरीफॉस तिच्या मान्यतेच्या यादीत आहे का आणि एलओक्यू किती, हे नमुना देण्याआधी विचारा. एलओक्यू ०.०५ असलेल्या ठिकाणाहून ‘सापडलं नाही’ असा रिपोर्ट आणलात तर तो कुणी वाचणारही नाही.

आता वाचन. घरचा स्वच्छ, गोदामातला दूषित आला तर गोष्ट गोदामाची. वरचा स्वच्छ आणि खालचा दूषित आला तर फरशी-भिंत. तिन्ही सारखेच दूषित आले तर मामला काढणीपर्यंत मागे जातो, आणि मग मी विचारेन की थ्रेशर तुमच्या आधी कुणाच्या खळ्यावर होता आणि तुमची पहिली दोन-तीन पोती तुम्ही वेगळी काढली होती का. घरचा दूषित आणि गोदामातला स्वच्छ, असं झालं तर घरातच काही तरी आहे. तेव्हा पंप बघा. निंबोळी अर्क मारायला काकांचा पंप आणला होता का? त्या पंपात मागच्या आठवड्यात काय होतं?

या सगळ्याचा दर्जावर काय परिणाम होतो, तेही परिस्थितीवर आहे. रूपांतरण पुन्हा सुरू करायला लावण्याचा अधिकार व्यापाऱ्याला नाही, प्रमाणन संस्थेला आहे. शेतात प्रतिबंधित औषध वापरलं असं सिद्ध झालं तर त्या प्लॉटचा काळ नव्याने मोजतात. गटात असाल तर तुमच्या एकट्यावर भागत नाही, गटाच्या अंतर्गत तपासणीवरच प्रश्न येतो आणि बाकीच्यांचा मालही अडकू शकतो. गोदामातून लागलेलं असेल तर तो लॉट सेंद्रिय साखळीतून बाहेर जातो, पण तुमच्या मातीचा दर्जा सहसा तसाच राहतो. शेजाऱ्याच्या फवाऱ्याने आलं असेल तर मधलं : बांधाकडच्या पट्ट्याचा माल वेगळा काढायला सांगतील आणि बफर, म्हणजे शेजाऱ्याच्या शेताकडचा राखीव पट्टा, वाढवायला लावतील. बफर किती फूट, याचा सगळ्यांना लागू असा एक आकडा नाही, शेत आणि शेजारी बघून संस्था ठरवते. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूच्या बांधावर मी ज्वारीच्या दाट ओळी घालायला सांगतो, आणि ती ज्वारी जनावरांना, विक्रीला नाही.

संस्थेला तुम्ही स्वतः कळवा, आणि आजच. रिपोर्ट दडवून ठेवला आणि तो व्यापाऱ्याकडून संस्थेला कळला, तर ०.०३ पेक्षा दडवणं महाग पडतं. पत्र लांब नको. लॉट नंबर, पोत्यांची संख्या, गोदामात गेल्याची तारीख, रिपोर्टची प्रत, माल वेगळा ठेवल्याचं, आणि तीन नमुने कधी काढणार ते. तपासनीसाला नमुना काढताना हजर राहायला बोलवा. येवो न येवो, बोलावल्याची नोंद राहते.

हरभऱ्यासाठी मात्र थांबायची गरज नाही. तो त्या गोदामात नेऊ नका, एवढंच आत्ता पुरे. थ्रेशर भाड्याचा असेल तर आधी थोडा भुसा किंवा काडी-कचरा टाकून रिकामा चालवा, निघालेला पहिला एक पोतं हरभरा वेगळा बाजूला ठेवा आणि घरी खायला किंवा साध्या मंडीत द्या. तारीख आणि चालकाचं नाव वहीत लिहा. बारदान नवं घ्या, खताच्या धुतलेल्या गोण्या नकोत. पोती भिंतीपासून हातभर लांब, पाट्यांवर. आणि विक्रीआधी स्वतःचा नमुना काढून सील करून ठेवा, तपासायला लावला नाही तरी चालेल, नंतर कुणी बोट दाखवलं तर तोच कामी येतो.

काही जण इथे लिहितील की चांगलं कंपोस्ट घातलं की माती औषध खाऊन टाकते. कंपोस्टची पद्धत तर इंदूरच्याच नावाने जगभर गेली. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी १९२४ पासून इथल्या संस्थेत ती बसवली. मातीतल्या औषधाचं विघटन जिवंत मातीत लवकर होतं, हे खरंच आहे. पण पोत्याला भिंतीतून लागलेलं औषध कंपोस्ट कसं काढणार?

तिन्ही रिपोर्ट हातात आले की प्रत्येकातला आकडा, एलओक्यू आणि पोतं कुठलं होतं, एवढं लिहा. बरोबर स्कोप सर्टिफिकेटवरची सोयाबीनची ओळ जशीच्या तशी उतरवा. त्यावरून टीसी रद्द करून घ्यायची का दर्जा बदलून, ते सांगतो.